नकारानंतरचा सोमवार

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी माझा भाचा घरी आला. चहा घेतला, थोडा वेळ मोबाईल चाळत बसला आणि मग म्हणाला, "खाला, मी नोकरी सोडतोय."

तो नागपुरात एका कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करतो. रोज सकाळी कामठीहून बसने ऑटोमोटिव्ह चौक, तिथून मेट्रोने सीताबर्डी. आठ माणसांचं कार्यालय आहे. एका खोलीत तीन टेबलं. त्यांपैकी एकावर हा आणि समोरच्यावर त्याच्याच वयाची एक मुलगी बसते. ती व्यापाऱ्यांची खरेदी-विक्रीची बिलं जुळवते आणि तिने जुळवलेल्या आकड्यांवरून हा जीएसटीचे रिटर्न भरतो. म्हणजे तिचं काम झाल्याशिवाय याचं काम सुरूच होत नाही. दीड वर्ष असं समोरासमोर बसल्यावर एका शनिवारी संध्याकाळी याने तिला मनातलं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या मनात तसं काही नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

त्याला तीन आठवडे झाले होते. या तीन आठवड्यांत हा तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. फाईल हवी असेल तर ऑफिसबॉयला पाठवायचा. ती जेवायला बसली की हा खाली जायचा. एकदा एका व्यापाऱ्याची बिलं अपुरी होती. तिला विचारायचं सोडून याने तसाच रिटर्न भरला आणि पुढच्या महिन्यात दुरुस्ती करावी लागली. साहेब ओरडले. "मी तिला त्रास होऊ नये म्हणूनच गप्प राहतो," तो मला म्हणाला, "आणि ती माझ्याकडे अशी बघते, जणू मी काही गुन्हा केलाय."

माझी बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "घरातून रिश्ता पाठवला असता तर ही वेळच आली नसती."

बहिणीचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही, पण त्यात एक खरी गोष्ट आहे. तिच्याकडे मी नंतर येते. आधी भाच्याचं वाक्य. 'तिला त्रास होऊ नये म्हणून गप्प राहतो.' त्याला हे मनापासून वाटत होतं. मला मात्र त्या वाक्याने सत्तावीस वर्षं मागे नेलं, कारण तेव्हा मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होते.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रॅक्टिकलच्या जोड्या हजेरी क्रमांकावरून पडायच्या. माझ्या पुढच्या क्रमांकाचा मुलगा माझा जोडीदार. दोघांत एक ब्युरेट, एक वही. एक दिवस वहीत चिठ्ठी निघाली. मी दुसऱ्या दिवशी नाही म्हणून सांगितलं. तो काही वाईट बोलला नाही. फक्त बोलायचंच बंद झाला. दोन आठवडे प्रॅक्टिकलला आला नाही. मी एकटीने टायट्रेशन करायची, एकटीने रीडिंग लिहायची. मग आला, तर मान खाली घालून बसायचा. त्याचे मित्र मला गाठून सांगू लागले की तो जेवत नाही, त्याचा अभ्यास होत नाही. माझी एक मैत्रीणही म्हणाली, "निदान दोन शब्द बोल तरी." वर्गाची सगळी सहानुभूती त्याच्याकडे गेली आणि मी दगडाच्या काळजाची ठरले.

पण खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. मला भीती वाटत होती. तो काय विचार करतोय हे मला कळत नव्हतं. गप्प बसलेला माणूस दुःखी आहे की रागावलाय, हे बाहेरून दिसत नाही. मी घरी जायची गल्लीची वाट सोडली आणि मोठ्या रस्त्याने लांबून जाऊ लागले. अम्मीने विचारलं तर म्हणायची, मैत्रिणी तिकडून येतात.

त्याने मला कधीच काही केलं नाही. चांगला मुलगा होता. पण तो चांगला आहे हे मला नंतर कळलं. त्या चार महिन्यांत मला ते कळायला काही मार्गच नव्हता.

आपल्या विदर्भात ही भीती हवेतून येत नाही. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटच्या भर चौकात, कॉलेजात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला पाठलाग करणाऱ्या माणसाने पेटवून दिलं. १० फेब्रुवारीला नागपूरच्या रुग्णालयात ती गेली. २०२२ मध्ये त्या माणसाला जन्मठेप झाली. हिंगणघाट कामठीपासून फार लांब नाही. नकार देणाऱ्या प्रत्येक मुलीच्या डोक्यात, समोरचा मुलगा कितीही साधा असला तरी, हा हिशेब एकदा होतोच. मुलाला वाटतं की दोघांमध्ये अवघडलेपण आहे. तिच्या बाजूने पाहिलं तर त्या अवघडलेपणाचा निम्मा भाग अंदाज घेण्यात जातो. हा आज कसा आहे? गप्प का आहे? आज माझ्याच वेळेला का निघाला?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. नकारानंतर रोजचा दिवस पुन्हा साधा करण्याची जबाबदारी ज्याने विचारलं त्याची आहे. आणि ती गप्प बसून पार पडत नाही. तिला तुमचा अंदाज घ्यावा लागू नये, इतकं सरळ वागून ती पार पडते.

आता बहिणीच्या वाक्याकडे येते. आपल्याकडे रिश्ता नाकारणं नवीन नाही. वारिसपुऱ्यात काय किंवा मोमिनपुऱ्यात काय, दरवर्षी कितीतरी रिश्ते येतात आणि जातात. नाकारलेली दोन घरं पुढच्याच महिन्यात एखाद्या वलीम्यात शेजारी बसून जेवतात. हे कसं जमतं? मधे एक माणूस असतो म्हणून. कुणी फूफी, कुणी शेजारीण, कुणी रिश्ते लावणारी बाई. मुलीकडचे तिला सांगतात, 'मुलगी अजून शिकतेय' किंवा 'इस्तिखारा केला, मन होत नाही'. ती बाई हे मुलाच्या घरी पोहोचवते आणि पोहोचवताना त्याचा अर्थही सांगते की इथे काही होणार नाही, दुसरीकडे बघा. नकार दोघांच्या तोंडासमोर होत नाही. तो त्या बाईच्या अंगावर पडतो आणि तिथेच विरतो.

कार्यालयात, वर्गात, वसतिगृहाच्या मेसमध्ये ही बाई नसते. तिथे विचारणारा आणि नाही म्हणणारी रोज समोरासमोर असतात. म्हणून मधल्या माणसाचं काम दोघांनाच करावं लागतं. नाही म्हणणारीने अर्थ स्पष्ट सांगायचा. विचारणाऱ्याने तो ऐकून विषय तिथेच संपवायचा. बहीण म्हणते तसं रिश्ता पाठवला असता तर अवघडलेपण कमी झालं असतं, हे खरं. पण नकार तोच असता, आणि सोमवारी कार्यालयही तेच असतं.

आपल्या इतिहासात यावर दोन घटना आहेत. दोन्ही बुखारी शरीफमध्ये आहेत. दोन्ही आपण वाजांमध्ये ऐकतो, पण या अंगाने फारशा ऐकत नाही.

पहिली हजरत उमर यांची. त्यांची मुलगी हफ्सा यांचे पती खुनैस बिन हुजाफा वारले. काही काळाने उमर यांनी हजरत उस्मान यांना विचारलं की हफ्साशी निकाह कराल का. उस्मान यांनी विचार करायला वेळ मागितला आणि काही दिवसांनी सांगितलं की सध्या लग्न करायचा विचार नाही. मग उमर यांनी हजरत अबू बकर यांना विचारलं. अबू बकर काहीच बोलले नाहीत. उमर यांनी नंतर स्वतः कबूल केलंय की त्यांना उस्मान यांच्यापेक्षा अबू बकर यांचा जास्त राग आला. ज्याने नाही म्हटलं त्याच्यापेक्षा जो गप्प राहिला त्याचा राग जास्त.

आणि ही माणसं एकाच मशिदीत रोज नमाज पढत होती. पुढे पैगंबर (स.) यांनीच हफ्सा यांना मागणी घातली आणि निकाह झाला. त्यानंतर अबू बकर स्वतः उमर यांच्याकडे गेले. माझ्या गप्प राहण्याचं तुम्हाला वाईट वाटलं असेल, असं म्हणाले आणि कारण सांगितलं. पैगंबरांनी हफ्सा यांचा उल्लेख केल्याचं त्यांना माहीत होतं आणि ते गुपित फोडणं त्यांना बरं वाटलं नव्हतं.

इथे गप्प राहण्यामागे वाईट हेतू नव्हता, उलट फार चांगलं कारण होतं. तरीही समोरच्याला त्याने दुखावलं, कारण गप्प बसण्याचा अर्थ समोरचा स्वतःच लावतो आणि बहुतेक वेळा वाईटच लावतो. माझ्या भाच्याच्या बाबतीत नेमकं हेच होत होतं.

दुसरी घटना बरीरा आणि मुगीस यांची. बरीरा गुलाम होत्या, हजरत आयशा यांनी त्यांना मुक्त केलं. त्यांचे पती मुगीस अजून गुलाम होते. मुक्त झालेल्या स्त्रीला तेव्हा असा विवाह ठेवायचा की सोडायचा हे ठरवायचा हक्क होता आणि बरीरांनी सोडायचं ठरवलं. इब्ने अब्बास सांगतात की मुगीस मदीन्याच्या गल्ल्यांतून बरीरांच्या मागे मागे रडत फिरायचे, आसवं दाढीवर ओघळायची. ते पाहून पैगंबरांनी हजरत अब्बास यांच्याजवळ या एकतर्फी प्रेमाबद्दल नवल व्यक्त केलं. मग त्यांनी बरीरांना विचारलं की तू त्याच्याकडे परत गेलीस तर? बरीरांनी उलट विचारलं की हा तुमचा हुकूम आहे का. ते म्हणाले, नाही, मी फक्त शिफारस करतोय. तेव्हा बरीरांनी सांगितलं की मला त्याची गरज नाही. विषय तिथे संपला.

मुगीस यांची दया कुणालाही येईल. पण बघा, दया आली म्हणून निर्णय बदलला नाही. खुद्द अल्लाहच्या रसूलांनी शिफारस केली, तीही एकदाच, आणि नकार ऐकल्यावर पुन्हा विषय काढला नाही. मग कॉलेजच्या कँटीनमध्ये 'तो जेवत नाही' म्हणून सांगणाऱ्या चार मित्रांना दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा शिफारस करायचा अधिकार कुठून आला? मित्रांना वाटतं की ते जोडायचं काम करतायत. मुलीला मात्र एका माणसाऐवजी पाच माणसांना नकार द्यावा लागतो.

हे सगळं मी भाच्याला एका दमात सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो पळाला असता. मी त्याला चार कामं सांगितली.

पहिलं, एकदाच आणि थोडक्यात विषय मिटवायचा. खरं तर हे दोन-तीन दिवसांतच करायला हवं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लांब माफीनामा लिहायचा नाही, कारण लांब माफीनाम्याला लांब उत्तर द्यावं लागतं आणि ते एक नवीन ओझं होतं. त्याने आधी लिहून आणलेल्या मजकुरात 'तुझी मैत्री गमवायची नाही' असं होतं. ते मी काढायला लावलं. मैत्री ठेवायची की नाही हा दुसरा प्रश्न झाला आणि एका प्रश्नाचं उत्तर तिने नुकतंच दिलं होतं. शेवटी त्याने कार्यालयात, दार उघडं असताना, एवढंच म्हटलं, "तुमचं उत्तर मला समजलं. मी पुन्हा हा विषय काढणार नाही. मधे बोलणं बंद केलं, ती माझी चूक. २० तारखेच्या फायली मी आता थेट तुमच्याकडेच मागतो." ती "ठीक आहे" म्हणाली. बस.

दुसरं, सलाम. मुसलमानाने भावाशी तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरू नये आणि दोघांत जो आधी सलाम करतो तो चांगला, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. मला त्यातला तीन दिवसांचा हिशेब फार शहाणपणाचा वाटतो. माणसाला वाईट वाटतं, तोंड लपवावंसं वाटतं, त्याला तीन दिवस दिलेत. चौथ्या दिवशी सलाम करायचा. पण सलाम म्हणजे सलाम. त्याला जोडून 'कशी आहेस, नाराज आहेस का' नाही. हदीसचा आधार घेऊन बोलणं वाढवणं हा त्या हदीसवर अन्याय आहे.

तिसरं, कामाचं बोलणं पूर्वी होतं तेवढंच ठेवायचं. कमी नाही आणि जास्तही नाही. कामाबाहेरच्या गोष्टी मात्र बंद. भाचा पूर्वी संध्याकाळी तिच्यासोबत मेट्रो स्टेशनपर्यंत चालत जायचा. ते थांबवायला सांगितलं. तिला नकोय म्हणून नव्हे. तिला हवं आहे की नको हे तिने ठरवावं म्हणून. ती स्वतः म्हणाली तर जा, नाहीतर दहा मिनिटं उशिरा नीघ. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला दर्दभरी गाणी टाकणंही बंद. ते स्टेटस शंभर लोक बघतात, पण पत्ता एकाच माणसाचा असतो, हे तिला कळतं आणि कार्यालयालाही कळतं.

चौथं, मित्रांची तोंडं त्यानेच बंद करायची. त्यांना सांगायचं की तिने नीट उत्तर दिलंय, कुणी काही बोलू नका. हे त्याच्याच तोंडून यायला हवं. तिने सांगितलं तर ती तक्रार होते.

सुधारतंय की बिघडतंय हे कसं ओळखायचं, हेही त्याने विचारलं. त्यासाठी तिचा चेहरा वाचत बसायची गरज नाही. तिची जागा आणि तिची वेळ बघ, म्हटलं. तू आत आल्यावर ती उठून जात असेल, एकटी येणारी आता मैत्रिणीला घेऊन येत असेल, टेबल बदलून मागत असेल, तर तू अजून जड वाटतोयस. आणि स्वतःकडेही बघ. तिच्या वेळेप्रमाणे तुझी बस बदलत असेल, तर मनातून विषय मिटलेला नाही. तसं असेल तर काही दिवस दुसऱ्या खोलीतलं टेबल तू मागून घे. हलायचं असेल तर तू हल, तिला हलायला लावू नकोस.

मुलींसाठीही एक गोष्ट सांगते, कारण माझ्या विद्यार्थिनी हे वाचतात. रिश्त्यातली भाषा इथे चालत नाही. 'सध्या नाही', 'घरचे मानणार नाहीत', 'आधी परीक्षा होऊ दे' या वाक्यांचा अर्थ सांगणारी मधली बाई इथे नाही. मुलगा त्यातला 'सध्या' हा शब्द घेऊन सहा महिने वाट बघतो. नाही असेल तर नाही म्हणा, कारण देऊ नका. कारण दिलं की त्यावर तोडगा निघतो. आणि एकदा नाही म्हटल्यावर अपराधीपणातून जास्तीची गोड वागू नका. नकार हे कर्ज नाही, ते फेडायचं नसतं.

आणि काही ठिकाणी माझं हे सगळं म्हणणं लागू होत नाही. विचारणारा साहेब असेल, शिक्षक असेल, पगार किंवा गुण त्याच्या हातात असतील, तर ते अवघडलेपण नसतं, तो दबाव असतो. साधा सहकारी असला तरी नाही म्हटल्यावर पुन्हा पुन्हा विचारत असेल, मागे येत असेल, तर सलाम आणि सबुरीचा सल्ला कुणीही देऊ नये. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसांच्या कार्यालयात अंतर्गत समिती असावीच लागते. माझ्या भाच्याच्या कार्यालयासारखं लहान ठिकाण असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते. चौकशी चालू असताना आपली किंवा त्याची बदली मागता येते. कॉलेज आणि वसतिगृहासाठीही अशी समिती असते. पाठलाग हा तर स्वतंत्र गुन्हा आहे, त्यासाठी थेट पोलिसांत जाता येतं. एकदा सभ्यपणे विचारणं हा गुन्हा नाही. उत्तर मिळाल्यावर न थांबणं हा आहे.

भाच्याने नोकरी सोडली नाही. पहिला महिना जड गेला. सलामाला ती नुसती मान हलवायची. दुसऱ्या महिन्यात एका व्यापाऱ्याच्या आकड्यांत याने चूक केली आणि तिने भर खोलीत सुनावलं, "बिलाची तारीख बघता की नाही?" संध्याकाळी त्याने मला फोन केला. आवाजात आनंद होता. "खाला, ती आज माझ्यावर ओरडली."

मला माझं प्रॅक्टिकल आठवलं. चार महिन्यांनी एक दिवस तो मुलगा नेहमीसारखा येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ब्युरेट तू सोड, रीडिंग मी घेतो." माफी नाही, खुलासा नाही. मी नळी सोडली, त्याने आकडा सांगितला, मी लिहिला. त्या संध्याकाळी मी गल्लीच्या वाटेने घरी गेले.